कवितेतला प्रसंग डोळ्यांऐवजी नाकाने, हाताने आणि जिभेने कसा लिहावा?

सावली_प्र

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर काढण्याचे काम चालते, आणि त्या कामावर मी एक कविता लिहीत आहे. पहिला खर्डा असा आहे :

मांडवाखाली हिरव्या बियांची रास,
काकीच्या पुढ्यात चमकणारी विळी,
काळ्या पडलेल्या बोटांतून
पांढरेशुभ्र गर पितळीत पडतात,
मागे लाल-पिवळ्या बोंडांचा सडा
आणि तिच्या डोळ्यांत उतरलेली दुपार.

यातली एकही गोष्ट खोटी नाही, तरीही वाचताना हे सारे एखाद्या पर्यटन-पत्रकावरच्या छायाचित्रासारखे दुरून पाहिलेले वाटते. लक्षपूर्वक पाहिल्यावर कळले की सहाच्या सहा ओळी डोळ्यांनी लिहिलेल्या आहेत. पाच रंग आहेत, एक चमक आहे आणि शेवटी पुन्हा डोळेच आहेत. हा प्रसंग गंध, स्पर्श आणि चव यांच्या आधारावर उभा करायचा असेल तर नेमके काय करावे लागते, हे मला समजून घ्यायचे आहे. रंगाच्या जागी वास आणि चकाकीच्या जागी खरखरीतपणा अशी केवळ अदलाबदल करून भागेल असे मला वाटत नाही.

मंदार_क

माझ्या मते उत्तर फारसे अवघड नाही. गंधाची संवेदना मेंदूतल्या स्मृतीच्या आणि भावनेच्या भागांशी इतर संवेदनांच्या मानाने फार जवळून जोडलेली असते, आणि म्हणूनच एखादा वास आला की वर्षानुवर्षे विसरलेले घर क्षणात समोर उभे राहते. कवितेत गंधाचा उल्लेख केला की वाचकाच्या मनात तेच घडते, त्यामुळे चित्र रंगवण्याचे कष्ट आपल्याला घ्यावे लागत नाहीत. ‘बोंडांच्या मादक गंधाने भारलेली दुपार’ अशी एक ओळ सुरुवातीला घातली, तरी पुढच्या ओळी आपोआप जिवंत होतील.

शुभदा_जो

मंदार, गंध आणि स्मृती यांच्या जवळिकीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते बरोबर आहे, परंतु ते प्रत्यक्ष वासाबद्दल खरे आहे. कागदावरच्या ‘गंध’ या शब्दाला वास नसतो. वाचकाच्या नाकात काहीही शिरत नाही. त्याला तो वास आठवणीतून स्वतः घडवावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या हाती काहीतरी नेमके द्यावे लागते. ‘मादक गंध’ म्हटल्याने हाती काहीच पडत नाही, कारण तोच शब्द केवड्याला चालतो, अत्तराला चालतो आणि मोहाच्या फुलांनाही चालतो. एखादी ओळ उचलून दुसऱ्या कोणत्याही कवितेत ठेवली आणि ती तिथेही तितकीच सुखाने बसली, तर ती या प्रसंगातून आलेली नाही असे खुशाल समजावे. पहिल्या पावसाचा मृद्गंध, मोगऱ्याचा गजरा, आईच्या पदराचा वास या तिन्ही गोष्टी डोळ्यांच्या नाहीत, आणि तरीही चंद्राइतक्याच झिजलेल्या आहेत. नाकाकडे वळल्याने ताजेपणा आपोआप येत नाही.

सावली, तुमच्या प्रश्नाकडे वळते. या तिन्ही संवेदनांची वागण्याची रीत दृष्टीपेक्षा वेगळी आहे, आणि कवितेची रचना त्या रीतीप्रमाणे बदलली तरच फरक पडतो. डोळ्यांना मांडव, विळी, रास आणि बोंडे एकाच वेळी दिसतात; म्हणून तुमच्या ओळी शेजारी शेजारी मांडलेल्या वस्तूंसारख्या झाल्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. वास मात्र आधी येतो, बहुधा वस्तू दिसण्यापूर्वीच येतो, आणि थोड्याच वेळात नाहीसा होतो. वास हवेत तसाच असतो, पण नाक त्याला सरावते. ज्या घरात आपण राहतो त्या घराचा वास आपल्याला येत नाही आणि पाहुण्याला दारातच येतो, ते याच कारणाने.

याचा अर्थ असा की वास लिहिताना ‘तो कोणाला येतो आहे’ हा प्रश्न टाळता येत नाही. तुम्ही बाहेरून आला आहात, काकी सकाळपासून विळीवर बसलेल्या आहेत. चिकाचा वास तुम्हाला येईल, त्यांना येणार नाही. तुमच्या खर्ड्यात पाहणारा कोण आहे हे कुठेच कळत नाही, कारण दृश्यात पाहणाऱ्याला लपून राहता येते. नाकाला तशी सोय नाही. तुम्ही फाटकातून आत आलात, वास आला आणि काही वेळाने तो हरवला, एवढ्या तीन गोष्टी क्रमाने लिहिल्या तरी तुम्ही पाहुण्या आहात हे वेगळे सांगावे लागणार नाही.

स्पर्शाचे आणखी वेगळे आहे. स्पर्श तुकड्यातुकड्याने कळतो आणि त्यासाठी हात हलावा लागतो, म्हणून स्पर्शाची ओळ विशेषणापेक्षा क्रियापदावर अधिक चांगली उभी राहते. ‘गुळगुळीत गर’ ही माहिती झाली. ‘गर बोटांतून निसटला’ यात गुळगुळीतपणा आहे, बोटे आहेत आणि नवखेपणाही आहे. मराठीत चुरचुरणे, हुळहुळणे, ठणकणे, झोंबणे अशी क्रियापदे मुबलक आहेत आणि त्यांतले प्रत्येक त्वचेवरची वेगळी अवस्था सांगते. त्यांचा उपयोग करावा.

निशिगंध

मला एक सोपा मार्ग सुचतो. प्रसंग रात्रीचा करावा. वीज गेलेली आहे, मांडवात काळोख आहे आणि काकी अंदाजाने बिया कापत आहेत असे दाखवले, की काही दिसण्याचा प्रश्नच उरणार नाही आणि कवीला वास व स्पर्श यांवरच विसंबून राहावे लागेल. मी स्वतः एका कवितेत असे केले होते आणि ती अनेकांना आवडली.

शुभदा_जो

निशिगंध, सावली यांना दृष्टी बंद करायची नसून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही, असा मी प्रश्नाचा अर्थ घेतला आहे. काळोख केला की वाचकाचे सारे लक्ष काळोखाकडेच जाते, आणि ‘काही दिसत नव्हते’ ही गोष्टसुद्धा शेवटी डोळ्यांचीच असते. भर दुपारी, सगळे दिसत असताना, कवीने हाताकडे आणि नाकाकडे लक्ष दिले तर ती निवड ठरते. शिवाय अंधारात विळीवर काजू कापायला कोणी बसेल असे मला वाटत नाही.

तळकोकणी

अजिबात बसणार नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम होत आले आहे, म्हणून कवितेबद्दल नव्हे तर कामाबद्दल चार गोष्टी सांगतो. त्यांचा उपयोग होतो का ते पाहावे.

ओली बी म्हणजे टरफल अजून टणक न झालेली बी. ती विळीवर उभी चिरतात आणि आतला गर टोकदार काडीने किंवा सुरीच्या टोकाने अलगद काढतात, कारण जोर लागला तर गर तुटतो आणि तुटलेल्या गराला भाव येत नाही. टरफलात चीक असतो. बिब्बा, आंबा आणि काजू ही सारी एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्ब्याने कातडी कशी उठते हे ज्यांना माहीत आहे त्यांना या चिकाची कल्पना येईल. म्हणून बसण्यापूर्वी हातांना खोबरेल चोपडतात, काही जणी राख लावतात. चिकाचा वास मला तरी कैरीचा देठ मोडल्यावर येणाऱ्या चिकाच्या जवळचा वाटतो, पण त्याहून उग्र आणि घशात उतरणारा. बोंडांचा वास पूर्णपणे निराळा असतो, गोडसर आणि उन्हात पडून राहिल्यावर आंबूस. सावली यांनी बिया आणि बोंडे दोन्ही घेतली आहेत; त्या दोन वासांची सरमिसळ करू नये.

आणखी एक गोष्ट अशी की चीक लागतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. आग नंतर होते, कोणाला संध्याकाळी तर कोणाला दुसऱ्या दिवशी. मग कातडी काळी पडते आणि काही दिवसांनी तिचे पापुद्रे निघतात. सावली यांनी ‘काळ्या पडलेल्या बोटांतून’ असे लिहिले आहे ते खरे आहे, परंतु तो काळेपणा आजचा नसून आधीच्या दिवसांच्या कामाचा आहे.

अनिरुद्ध_व

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. २०२१ मध्ये करोनाच्या आजारात माझी वासाची संवेदना गेली आणि ती परत यायला बरेच महिने लागले. त्या काळात मला जेवणातले खारट, गोड, आंबट, कडू आणि तिखटाची आग एवढेच कळत होते. आमटी आणि सांबार यांतला फरक कळत नव्हता. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, हे मला तेव्हा समजले. वास परत येऊ लागला तेव्हा तो चुकीचा येत होता. कांदा परतला की काहीतरी करपल्याचा भास होत असे.

त्या दिवसांत वाचलेल्या कवितांमधल्या गंधाच्या ओळी माझ्यासाठी निव्वळ नावे होऊन राहिल्या होत्या. उलट, गरम पेल्याची कड ओठाला लागणे, भाकरीचा पापुद्रा दातांखाली मोडणे अशा ओळी मात्र पूर्वीइतक्याच पोहोचत होत्या. म्हणून माझा कल स्पर्शाकडे आहे. प्रत्येक वाचकाने काजूच्या चिकाचा वास घेतलेला नसेल, पण बोट चुरचुरणे कोणाला ठाऊक नाही?

शुभदा_जो

अनिरुद्ध, तुमचा अनुभव येथे फार उपयोगाचा आहे. चव लिहिताना कवी बहुतेक वेळा ‘गोड’ किंवा ‘तुरट’ म्हणून मोकळे होतात, आणि वाचकाला ते अपुरे वाटते, कारण जिभेला खरोखर कळणारे प्रकार थोडेच आहेत. नाक चिमटीत धरून बोंडाचा तुकडा चावला तर आधी गोडवा कळतो आणि मग जीभ व घसा आवळल्यासारखे होतात. नाक सोडले की मगच ‘हे काजूचे बोंड आहे’ ही ओळख पटते. त्या आवळण्याला आपण परंपरेने सहा रसांत गणतो, पण शरीराच्या बाजूने पाहिले तर तो बराचसा स्पर्शच आहे. बोंडातली तुरट द्रव्ये लाळेचा ओशटपणा काढून घेतात आणि तोंड कोरडे, खरखरीत लागते. म्हणून चवीची ओळ लिहिताना तिचे टप्पे लिहावेत : आधी काय लागले, मागून काय आले, काय मागे राहिले. चव ही काळात उलगडणारी गोष्ट आहे आणि कवितेची ओळही तशीच आहे. या दोघींचे त्यामुळे चांगले जमते.

चवीचा वापर मात्र एका कवितेत एकदाच करावा असे माझे मत आहे. पाहणे आणि हुंगणे दुरून होते. चाखण्यासाठी ती वस्तू आपल्या शरीरात घ्यावी लागते, आणि ती बहुधा कोणीतरी दिलेली असते. कोणी कोणाला काय खायला दिले, यात नाते येते. ते दोनदा केले की त्याचे वजन जाते.

पैलतीर

एक संदर्भ सुचवावासा वाटतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव म्हणतात की आपल्या बोलांच्या रसाळपणामुळे कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपसांत भांडण लागेल. शब्द हा खरे तर कानाचा विषय, पण जीभ म्हणेल की हा रस माझा आहे आणि नाकाला वाटेल की हा परिमळ आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथात हे आहे. तेव्हा आपणही संवेदनांची सरमिसळ करावी, ‘हिरवा वास’, ‘खरखरीत उजेड’ असे लिहावे. ताजेपणा त्यातूनच येईल.

शुभदा_जो

त्या ओव्या मलाही अतिशय प्रिय आहेत. मात्र तिथे ज्ञानदेव आपल्या भाषेबद्दल बोलत आहेत, एखाद्या प्रसंगाच्या वर्णनाबद्दल नाही. ते कोणत्या तरी वस्तूला हिरवा वास चिकटवत नाहीत. शब्दच असा असेल की सारी इंद्रिये त्याच्यावर हक्क सांगतील, असा त्यांचा दावा आहे. ‘खरखरीत उजेड’ कधी कधी साधतो, हे मान्य. पण सावली यांच्या कवितेत चीक, तेल, कोमट पाणी अशा खऱ्या गोष्टी हाताशी असताना ती मिश्रणे वाचकाचे लक्ष वस्तूवरून कवीच्या चतुराईकडे वळवतील अशी मला भीती वाटते.

पैलतीर

आपले मत समजले, तरी मी पूर्णपणे सहमत नाही. चीक घशात उतरतो असे तळकोकणी यांनी लिहिले, त्यातही वास आणि स्पर्श मिसळलेलेच आहेत.

सावली_प्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरची चर्चा दोनदा वाचून दुसरा खर्डा केला आहे. बोंडे काढून टाकली, कारण दोन वास एका छोट्या कवितेत मावत नव्हते.

फाटकातच चीक घशात उतरला;
पडवीत टेकेपर्यंत हरवला.
काकी म्हणाली, कसला वास?

तेल चोपडलेल्या तिच्या बोटांना
बी कुठे उकलते ते ठाऊक.
माझी निसटते, पुन्हा निसटते.

विळीवरूनच एक गर तिने
माझ्या तोंडात घातला :
आधी काहीच नाही, मग दूध,
मग खोबरेल.

रात्री आमटीत बोटे बुडाली
आणि मिठाने चुरचुरली.
तिची चुरचुरत नाहीत.

डोळ्यांची एकही ओळ उरलेली नाही. ती उरायला हवी होती का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

अनिरुद्ध_व

‘आधी काहीच नाही, मग दूध, मग खोबरेल’ या शब्दांनी मला थांबवले. ओला गर तोंडात घेतल्यावर पहिल्या क्षणी फक्त गारवा आणि मऊपणा कळतो, चव चावल्यानंतर येते. ते ‘काहीच नाही’ या दोन शब्दांत अचूक आले आहे. एक शंका मात्र आहे. ज्याने हे काम कधी पाहिलेले नाही त्याला ‘बी’ कशाची हे कुठून कळेल? मला हा धागा वाचल्यामुळे कळले.

शुभदा_जो

शंका रास्त आहे. वाचकाला पाय टेकायला थोडी जागा लागते, आणि ती देण्याचे काम डोळे सर्वांत कमी शब्दांत करतात. शीर्षकात ‘ओले काजूगर’ असे आले तरी पुरेल. एखादी दृश्य ओळ ठेवायचीच असेल तर विळीच्या चकाकीपेक्षा टरफलांचा ढीग ठेवावा, कारण त्यातून किती वेळ काम चालले आहे हेही कळते. ती पहिल्या ओळीत मात्र नको. पहिली जागा वासाने घेतली आहे आणि तो खरोखरच आधी येतो.

पहिल्या कडव्याबद्दल मी समाधानी आहे. ‘कसला वास?’ या दोन शब्दांत काकींचा सगळा दिवस आला. ‘पुन्हा निसटते’ हेही चांगले, कारण स्पर्शाला लागणारा वेळ त्या पुनरुक्तीने ओळीत आणला आहे. शेवटच्या ओळीविषयी मला खात्री नाही, पण ती का खटकते हे सांगता येत नाही.

तळकोकणी

ती मला का खटकते ते सांगू शकतो. ‘तिची चुरचुरत नाहीत’ हे खरे नाही. वासाला नाक सरावते हे शुभदाताईंनी लिहिले, आणि तेच काकीच्या हातांना लावले गेले आहे असे मला वाटते. चिकाला हात तसे सरावत नाहीत. कातडी राठ होते, वरवरचे कमी जाणवते, तेल कुठे जास्त लावायचे हे अनुभवाने कळते. पण बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या कडेला कातडी पातळच राहते आणि तिथे माझ्या आईला शेवटच्या हंगामापर्यंत आग होत असे. काही जणींना तर वर्षे जातील तसा त्रास वाढतो. आईने कधी बोलून दाखवले नाही, एवढाच फरक. कवितेत काकीला बधिर करून टाकू नये अशी विनंती आहे.

दुसरी गोष्ट गर तोंडात घालण्याची. विळीवरून थेट कोणीही कोणाच्या तोंडात गर घालणार नाही. चीक ओठाला लागला तर ओठ सुजतात. काढलेले गर गरम पाण्यात टाकतात, काही वेळाने वरची साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी निघते, आणि मग तो खाण्याजोगा होतो. देणारी हात धुऊन देते. त्यामुळे खोबरेलाची चव येईल की नाही, याबद्दल मला शंका आहे.

मंदार_क

पण वाचकाला हे कुठे माहीत असते? ‘मग खोबरेल’ हा त्या कवितेतला सर्वांत सुंदर शब्द आहे. वस्तुस्थितीसाठी तो काढून टाकणे मला पटत नाही.

शुभदा_जो

मंदार, ज्या वाचकाला माहीत आहे त्याचा विश्वास त्या क्षणी तुटेल, आणि ज्याला माहीत नाही त्याला आपण खोटी संवेदना देऊ. गर धुण्यामुळे कवितेला तोटा होतो असेही मला वाटत नाही. गरम पाणी आले, सालीचे निघणे आले. म्हणजे स्पर्शाची एक खरी पायरी मध्ये मिळते, आणि काकींनी आधी हात धुतले या साध्या कृतीत त्यांना चिकाचे भय ठाऊक आहे हेही येते. मग शेवटी त्यांची बोटे चुरचुरतात की नाही, हे सांगायची गरज राहील का?

सावली_प्र

तळकोकणी, काल रात्री मी काकीला फोन करून विचारले. ती म्हणाली, “आग होते गो, पण कोणाक सांगतलंय?” हे वाक्य कवितेत घ्यावे असे मला प्रथम वाटले, परंतु ते घेतले तर शेवट संवादाचा होईल आणि बोटांवरून लक्ष उडेल. सध्या तिसरे आणि चौथे कडवे असे केले आहे :

तिने हात धुतले, राखेने, दोनदा.
गरम पाण्यातल्या गराची साल
ओढताच सुटून आली.
आधी काहीच नाही, मग दूध.

रात्री आमटीत बोटे बुडाली.
मिठाने चुरचुरली माझी.
तिने डाव्या हाताने वाढले.

खोबरेल गेले याचे मंदार यांच्याइतकेच मलाही वाईट वाटते. डाव्या हाताने वाढणे आमच्या घरी कोणी करत नाही, त्यामुळे ती ओळ वाचकाला खटकेल आणि कारण शोधायला लावेल असा माझा विचार आहे.

पैलतीर

ही ओळ मात्र पुन्हा डोळ्यांची आहे.

तळकोकणी

डोळ्यांची असली तरी राहू द्यावी. मला ती हातांत जाणवली. फक्त एक पाहा : आमच्याकडे राख कामाला बसताना लावतात, चीक काढायला आधी तेल चोळतात आणि मग साबण. तुमच्या घरी धुताना राख घेत असतील तर तसेच ठेवा, पण काकीला विचारून घ्या.

शुभदा_जो

तेल चोळून मग साबण असेल, तर खोबरेल परत आणता येईल. चवीत नव्हे, तर हात पुढे आला तेव्हाच्या वासात. गर तोंडाजवळ येतो तेव्हा हातही नाकाजवळ येतो. मात्र तसे केल्यास पहिल्या कडव्यातल्या वासाचे महत्त्व कमी होईल का, हे मला दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. सावली, दोन्ही येथे द्यावेत.